स्क्रॅबलमधली कोरी टाइल: कधी खर्चायची, कधी राखायची?

स्क्रॅबल खेळणाऱ्या जवळपास प्रत्येक घरात एक वाद अर्धवट राहिलेला असतो. कोणाच्या तरी हातात कोरी टाइल येते, समोर चाळीस गुणांचा शब्द दिसतो, तो लावला जातो, आणि पुढच्या तीन पाळ्या दहा-बारा गुणांवर भागवाव्या लागतात. दुसरा कोणी ती टाइल जपून ठेवतो आणि डाव संपतो तेव्हा ती रॅकवर तशीच असते. आपण नेमकं कुठे चुकलो, हे दोघांनाही कळत नाही. गंमत म्हणजे या प्रश्नाला बऱ्यापैकी नेमकं उत्तर आहे आणि ते मांडायला साधी वजाबाकी पुरते.

## आधी नियम, मग बाकीचं

इंग्रजी स्क्रॅबलच्या संचात शंभर टाइल्स असतात. त्यांतल्या दोन कोऱ्या, म्हणजे ब्लँक. ब्लँक लावताना ती कोणतं अक्षर आहे हे आपण सांगायचं, आणि एकदा सांगितलं की डाव संपेपर्यंत ती तेच अक्षर राहते. तिचे स्वतःचे गुण मात्र शून्य. दुप्पट अक्षराच्या घरात ठेवली तरी शून्यच. शब्दाचे गुण दुप्पट किंवा तिप्पट करणाऱ्या घरात ती पडली, तर त्या घराचा फायदा उरलेल्या शब्दाला मिळतो.

दुसरा नियम सात टाइल्सचा. रॅकवरच्या सातही टाइल्स एकाच पाळीत लावल्या, की शब्दाच्या गुणांवर पन्नास गुण जादा मिळतात. खेळाडू याला बिंगो म्हणतात. ब्लँकचा सगळा खेळ या पन्नास गुणांभोवती फिरतो.

पुढे रॅक लिहिताना ब्लँकसाठी प्रश्नचिन्ह वापरलं आहे, आणि शब्दात ब्लँक ज्या जागी लागली ते अक्षर लहान लिपीत आहे. स्क्रॅबलच्या नोंदींमध्ये हीच पद्धत असते.

## शून्य गुणांची टाइल गुण कसे मिळवून देते?

डावाची पहिली पाळी आहे आणि तुमच्याकडे या टाइल्स आहेत असं धरा:

```
W T C H Y E ?
```

बहुतेकांच्या नजरेत आधी ‘विची’ भरतो. ब्लँकला आय म्हटलं की झालं. पहिला शब्द बोर्डाच्या मधल्या चांदणीवरून जातो, त्यामुळे त्याचे गुण दुप्पट होतात. शिवाय चांदणीपासून चार घरांवर दुप्पट अक्षराचं घर आहे, तिथे शेवटचा वाय बसवता येतो. एकूण चाळीस गुण. पहिल्या पाळीला चाळीस म्हणजे चांगलीच सुरुवात, आणि बरेच जण इथेच थांबतात.

आता ब्लँकला हात न लावता याच रॅककडे पाहा:

```
WiTCHY   40   शिल्लक: E
CHEWY    40   शिल्लक: T ?
```

‘च्युई’ हा शब्दही त्याच घरात वाय बसवून अगदी चाळीसच गुण देतो. पहिल्या पर्यायात ब्लँक गेली आणि हातात ई राहिली. दुसऱ्यात ब्लँक अजून आपल्याकडेच आहे. म्हणजे ‘विची’ लावणाऱ्याने ब्लँक खर्च केली आणि त्या खर्चाचा मोबदला घेतला शून्य. त्याला मात्र वाटत राहतं की ब्लँकने चाळीस गुण मिळवून दिले.

ब्लँकबद्दलचा मुख्य गैरसमज हाच आहे. ब्लँक वापरून केलेल्या शब्दाचे गुण ही तिची कमाई नव्हे. ब्लँक वापरून मिळणारे सर्वांत जास्त गुण आणि ब्लँक न वापरता मिळणारे सर्वांत जास्त गुण, यांतला फरक ही तिची त्या पाळीतली कमाई. रमीत खरं पान हातात असताना त्या जागी कोणी जोकर लावत नाही. स्क्रॅबलमध्ये मात्र खरं पान हातात आहे हे चटकन दिसत नाही, ते शोधावं लागतं. म्हणून पहिली सवय अशी लावून घ्या: ब्लँकचा शब्द सुचला की लगेच ती टाइल झाकून उरलेल्या सहांतून काय होतं ते बघा.

## मग फरक किती असला की ब्लँक खर्चावी?

स्पर्धांमध्ये खेळणारे वर्षानुवर्षं एक ठोकताळा वापरत आले आहेत: ब्लँकमुळे साधारण पंचवीस ते तीस गुण जास्त मिळत असतील तरच ती लावावी. कमी मिळत असतील तर राखावी. संगणकावर असंख्य डाव खेळवून रॅकवरच्या टाइल्सचं मोल काढणारे प्रोग्रॅमही ब्लँकला साधारण याच पट्ट्यात ठेवतात. तुलनेसाठी सांगायचं तर एस ही सर्वांत उपयोगी साध्या टाइल्सपैकी एक मानली जाते, आणि तिचं मोल आठ-दहा गुणांच्या आसपास धरतात. ब्लँक त्याच्या जवळपास तिप्पट.

हा आकडा कुठून येतो ते नीट समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण ते कळलं की तो कधी बदलतो हेही आपोआप कळतं. एका रॅकवर पुढच्या सहा टाइल्स आहेत आणि सातवी ब्लँक आहे असं समजा:

```
A D E I N R ?
```

ब्लँकला एकेक अक्षर देऊन बघा. टी दिली की ‘ट्रेन्ड’, जी दिली की ‘रीडिंग’, एस दिली की ‘सार्डिन’, बी दिली की ‘ब्रेन्ड’, एच दिली की ‘हँडियर’, व्ही दिली की ‘इन्व्हेडर’.

```
tRAINED   READINg   sARDINE
bRAINED   hANDIER   INvADER
```

एवढे सात अक्षरी शब्द एकाच रॅकमधून निघतात, आणि ही यादी पूर्णही नाही. ब्लँकच्या जागी एखादी ठरावीक टाइल असती तर यांतला फार तर एखाद-दुसरा जमला असता. यू आली असती तर तेवढंही अवघड होतं. ब्लँक हातात असली की बिंगोची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. शिवाय एवढे पर्याय असल्यामुळे बोर्डावर मोकळ्या असलेल्या जागेत बसणारा शब्द निवडता येतो. सात अक्षरी शब्द हातात असून बोर्डावर जागा नाही, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना या दुसऱ्या फायद्याचं मोल वेगळं सांगायला नको.

## बिंगोला पन्नास जादा मिळतात, मग ब्लँकचं मोल पन्नास का नाही?

ही शंका अगदी रास्त आहे. कारणं दोन. एक म्हणजे ब्लँक राखली तरी बिंगो होईलच असं नाही. उरलेल्या टाइल्स वाईट आल्या, बोर्ड बंद झाला किंवा शब्दच सुचला नाही, तर ते पन्नास गुण हवेतच राहतात. दुसरं म्हणजे काही बिंगो ब्लँकविनाही झाले असते, त्यांचं श्रेय ब्लँकला देता येत नाही. हे दोन्ही वजा केलं की हाती पंचवीस-तीस उरतात. म्हणजे हे मोल सरासरीचं आहे. तुमच्या पुढच्या पाळीत ते शून्य ठरेल किंवा साठही. निर्णय आत्ताच घ्यायचा असल्यामुळे हिशोब सरासरीनेच करावा लागतो.

## एक अवघड रॅक, सावकाश

‘च्युई’चं उदाहरण सोपं होतं, कारण तिथे फरक शून्य होता. खरा कस लागतो तो फरक मधलाच असतो तेव्हा. पुन्हा पहिली पाळी, आणि रॅक असा:

```
J U D G A N ?
```

ब्लँकला ई म्हटलं की ‘जज’ होतो. जे दुप्पट अक्षराच्या घरात आणि शेवटची ई चांदणीवर. जे चे आठाचे सोळा, त्यात यूचा एक, डीचे दोन, जीचे दोन आणि ब्लँकचा शून्य मिळून एकवीस, दुपटीने बेचाळीस. ब्लँक झाकली तर ‘जग’ सापडतो: आठ, एक आणि दोन मिळून अकरा, दुपटीने बावीस. तीन अक्षरी शब्द दुप्पट अक्षराच्या घरापर्यंत पोचतच नाही.

```
JUDGe   42   शिल्लक: A N
JUG     22   शिल्लक: A D N ?
```

फरक वीस गुणांचा. बेचाळीसचा आकडा समोर असताना बावीस घ्यायला हात धजत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण ठोकताळा सांगतो की ब्लँकचं मोल वीसपेक्षा जास्त आहे. त्यात भर म्हणजे ‘जग’नंतर ब्लँक एकटी उरत नाही. ए, डी आणि एन या इतर अक्षरांशी सहज जुळणाऱ्या टाइल्स तिच्यासोबत आहेत. वर जो बिंगोंनी भरलेला रॅक पाहिला तो आठवा. या चार टाइल्सना फक्त ई, आय आणि आर येऊन मिळाले की तोच रॅक तयार होतो, आणि इतरही कितीतरी तिकड्या चालतात. मी इथे ‘जग’ लावेन. ‘जज’ लावणाऱ्याला मात्र मोठी चूक केली असं म्हणणार नाही. तो एका पाळीत पाच नव्या टाइल्स उचलतो, ‘जग’वाला तीनच. तरीही थोड्या फरकाने पारडं ‘जग’कडे झुकतं.

‘जग’च का, ‘जॅग’ का नाही? गुण दोन्हींचे बावीसच. पण ‘जॅग’ लावला तर हातात यू उरते, आणि यू ही इतरांशी फार कमी जुळणारी टाइल आहे. ब्लँक राखायची ठरवली की लगेच पुढचा प्रश्न येतो, तिच्यासोबत काय राखायचं? ब्लँक राखून शेजारी व्ही, यू आणि डब्ल्यू ठेवणाऱ्याने ती राखली काय किंवा नाही काय, फरक थोडाच पडतो.

आता हाच ‘जज’ डावाच्या मध्यावर बोर्डाच्या वरच्या कडेला बसतोय असं समजा. तिथेही जे दुप्पट अक्षराच्या घरात येतो आणि ई तिप्पट शब्दाच्या घरात. एकवीसचे त्रेसष्ट. ब्लँकविना सर्वांत चांगला शब्द बावीसचाच असेल तर फरक एक्केचाळीस होतो. इथे विचार करत बसू नका, ब्लँक लावून मोकळे व्हा. शब्द तोच, टाइल्स त्याच, फक्त फरक बदलला आणि उत्तर उलटलं.

## राखली आणि बिंगो झालाच नाही तर?

ब्लँक राखणाऱ्यांच्या हातून होणारी चूक याच भीतीच्या दुसऱ्या टोकाला असते. ते ब्लँक राखतात, पण तिच्यासाठी काही करत नाहीत. तीन-चार पाळ्या दहा-दहा गुणांचे शब्द लावत राहतात आणि रॅकवर तीच अडचणीची अक्षरं बसून राहतात. असं राखणं महाग पडतं, कारण दर पाळीला मिळू शकणारे गुण सोडले जातात आणि बिंगोही जवळ येत नाही.

ब्लँक हातात असताना प्रत्येक पाळीचं काम ठरलेलं असतं: अवघड टाइल्स बाहेर काढायच्या आणि स्वर-व्यंजनांचा समतोल साधायचा. एखादी पाळी साफसफाईत गेली तरी चालते. रॅक फारच बिघडला असेल, उदाहरणार्थ दोन यू, दोन आय, एक व्ही, एक डब्ल्यू आणि ब्लँक, तर ब्लँक ठेवून बाकीच्या सहाही टाइल्स बदलून घ्याव्यात. पाळीचे गुण शून्य मिळतात, आणि त्यामुळेच घरगुती खेळात हे कोणी करत नाही. पण अशा रॅकमधून ब्लँक वापरून कसाबसा वीस गुणांचा शब्द काढण्यापेक्षा तो शून्य स्वस्त पडतो. पिशवीत किमान सात टाइल्स शिल्लक असतील तरच बदलता येतं, हे तेवढं लक्षात ठेवा.

क्यूमुळे अडकलेले लोकही ब्लँकचा बळी देतात. क्यू आली, यू नाही, मग ब्लँकलाच यू म्हणून क्यूपासून सुटका करून घेतात. बहुतेक वेळा हा तोट्याचा सौदा असतो. क्यू आणि आय मिळून होणारा दोन अक्षरी शब्द स्पर्धांच्या शब्दयाद्यांत मान्य आहे. तो लावायची जागा बघावी, नाहीतर क्यू बदलून टाकावी.

## ‘मला एवढे शब्दच येत नाहीत’

ही अडचण खरी आहे, आणि तिला धरूनच उत्तर द्यायला हवं. पंचवीस-तीसचा आकडा त्यांच्यासाठी आहे जे सात अक्षरी शब्द शोधू शकतात. ज्याला असे शब्द क्वचितच सुचतात त्याच्या हातात ब्लँकचं मोल तेवढं नसतं. त्याने फरक पंधराच्या वर गेला की ब्लँक लावली तरी ते समजण्यासारखं आहे. बिंगो सापडायला लागले की हा आकडा हळूहळू वर न्यायचा.

शोधण्याची एक रीत मात्र शब्दसंग्रह न वाढवताही उपयोगी पडते. इंग्रजी शब्दांचे नेहमीचे शेवट असतात: आय-एन-जी, ई-डी, ई-आर, आय-ई-एस. रॅकवर यांपैकी काही असेल, किंवा ब्लँक धरून होत असेल, तर तेवढ्या टाइल्स उजवीकडे वेगळ्या करा. मग उरलेल्या चार-पाच टाइल्सचा शब्द होतो का, एवढंच बघायचं राहतं. तेही जमलं नाही तर ब्लँकला ए पासून झेड पर्यंत क्रमाने अक्षरं देऊन बघा. कंटाळवाणं वाटतं, पण ‘इन्व्हेडर’सारखे शब्द असेच हाती लागतात. ब्लँकला व्ही करण्याचा विचार आपण होऊन कोणाच्या मनात येत नाही.

आणि बिंगो सापडला की ब्लँक आणखी चांगल्या दिवसासाठी राखू नका. ती त्यासाठीच होती. फक्त एक गोष्ट पाहा: शब्दात एकच अक्षर दोनदा येत असेल, तर दुप्पट-तिप्पट अक्षराच्या घरात खरी टाइल ठेवा आणि ब्लँक साध्या घरात.

दोन्ही ब्लँक एकदम आल्या तर बहुतेक वेळा बिंगो असतोच, वेळ घेऊन शोधा.

## डाव संपत आला की मोल घसरतं

पंचवीस-तीसचं मोल बिंगोच्या शक्यतेवर उभं आहे. ती शक्यता संपली की मोलही संपतं. दोन खुणांवर लक्ष ठेवा. पहिली म्हणजे बोर्ड. सात टाइल्स एका ओळीत बसतील अशी मोकळी जागा किती उरली आहे? सगळे शब्द एकमेकांना चिकटून दाटीने बसले असतील आणि कडेच्या मोकळ्या ओळी बंद झाल्या असतील, तर हातात उत्तम बिंगो असूनही तो लागणार नाही. अशा वेळी बारा-पंधरा गुणांच्या फरकालाही ब्लँक द्यावी.

दुसरी खूण म्हणजे पिशवी. तिच्यात मोजक्याच टाइल्स उरल्या की तुमच्याकडे एखाद-दुसरी पाळीच शिल्लक असते. तेव्हा धावफलकाकडे पाहावं लागतं. तुम्ही साठ-सत्तर गुणांनी मागे असाल तर साध्या शब्दांनी ते भरून निघणार नाही, बिंगोच हवा. मग फरक मोठा दिसत असला तरी ब्लँक राखण्यात अर्थ आहे. तेवढ्याच गुणांनी पुढे असाल तर उलट करा. ब्लँक वापरून समोरच्याच्या बिंगोची जागा अडवता आली, तर फरक पाच गुणांचा असला तरी ती लावावी.

पिशवी रिकामी झाल्यावर ठोकताळा पूर्ण बाजूला ठेवा. आता समोरच्याकडे कोणत्या टाइल्स आहेत हे बोर्डावरून मोजून काढता येतं, त्यामुळे हिशोब नेमका करता येतो. ज्याच्या टाइल्स आधी संपतात त्याला समोरच्याच्या उरलेल्या टाइल्सच्या गुणांचा फायदा होतो. घरच्या नियमाने तुमच्या हातात राहिलेल्या क्यूचे दहा गुण तुमचे कमी होतात आणि समोरच्याला मिळतात, म्हणजे वीस गुणांचा फटका. मध्यावर ब्लँकला यू करून क्यू काढणं तोट्याचं होतं. इथे मात्र आय, टी आणि ब्लँक हातात असेल, तर याच रीतीने ‘क्विट’ लावायचा. शब्दाचे बारा गुण, वाचलेला वीसचा फटका, आणि त्याने तुमच्या टाइल्स आधी संपल्या तर समोरच्याच्या उरलेल्या टाइल्सचे गुणही तुमचेच.

```
QuIT
```

हातात राहिलेल्या ब्लँकचे मात्र कोणीही गुण कापत नाही, कारण ते शून्यच असतात. त्यामुळे ती वाया गेली हे गुणपत्रिकेवर कुठेच दिसत नाही. शेवटच्या दोन पाळ्यांतले शब्द पुन्हा मांडून, ब्लँक धरून आणखी किती मिळाले असते ते मोजलं, तरच तो आकडा समोर येतो.